टेलिग्राम चॅनलवरची घोषणा डिलीट केली, तरी लोकांकडे दिसतेच: काय तपासायचं, कुठे थांबायचं

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या दोन क्लासची आणि एका अभ्यासिकेची टेलिग्राम चॅनल मी सांभाळतो. महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या अ‍ॅडमिनचा फोन येतोच. "दादा, घोषणा चुकीची गेली होती, मी लगेच डिलीट मारली. पण पोरं अजून तीच दाखवतायत. टेलिग्राममध्ये काही बिघडलंय का?" आजवर एकदाही टेलिग्राममध्ये बिघडलेलं नव्हतं. दर वेळी कारण पुढच्या सहा-सात गोष्टींपैकीच एक निघालं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे टेलिग्रामच्या चॅनलबद्दल आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा विषय येतो, पण तो शेवटी, कारण तिथे आपली घोषणा दुसऱ्यांच्या हातून पोचलेली असते.

## लक्षणं

तुमची तक्रार यातली कुठली आहे ते आधी ओळखा. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, आणि बहुतेक लोक भलतीकडेच शोधत बसतात.

- तुमच्या फोनवर पोस्ट गेली आहे, पण एखाद्या सदस्याला ती चॅनलमध्येच दिसते.
- पोस्टचा मजकूर गेला, पण एक-दोन फोटो मागे राहिले. किंवा उलट.
- चॅनल स्वच्छ आहे, पण सदस्य नोटिफिकेशनचा किंवा गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट पाठवतो.
- पोस्ट तुम्हीच लिहिलेली, तरी डिलीटचा पर्याय येत नाही.
- डिलीट केलेली घोषणा थोड्या वेळाने पुन्हा उगवते.
- दुसऱ्याच ग्रुपमध्ये ती तुमच्या चॅनलच्या नावासकट फिरते आहे.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात महागही तेच पडतं.

## आधी दोन मिनिटं: डिलीटला हात लावू नका

डिलीट अजून केलं नसेल तर तीन गोष्टी करून घ्या. पोस्टची लिंक कॉपी करा. पोस्टचा वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. आणि चॅनलला आकडेवारी उपलब्ध असेल तर त्या पोस्टची आकडेवारी उघडून बघा.

लिंक साधारण अशी दिसते:

```
https://t.me/channelname/1482
```

शेवटचा आकडा म्हणजे त्या पोस्टचा क्रमांक. पोस्ट गेली की तो क्रमांक रिकामा पडतो, पुढच्या पोस्टला तो मिळत नाही. नंतर "तीच पोस्ट का दुसरी" असा वाद झाला की हाच आकडा कामाला येतो. आकडेवारीत पोस्ट किती वेळा पुढे पाठवली गेली आणि कुठल्या सार्वजनिक चॅनलांनी ती घेतली हे दिसतं. ही आकडेवारी पोस्टवरूनच उघडते, त्यामुळे पोस्ट गेली की पत्ताही गेला. आपल्या घोषणेचे पाय कुठवर पोचलेत हे कळण्याची एकमेव खिडकी आपणच घाईत बंद करतो.

आधीच डिलीट करून बसला असाल तर `Recent Actions` उघडा. चॅनलच्या नावावर टॅप करून पेन्सिलच्या चिन्हात गेलात की ते सापडतं. फक्त अ‍ॅडमिनना दिसतं आणि गेल्या ४८ तासांचंच असतं. त्यात डिलीट झालेल्या पोस्टचा मजकूर आणि ती कोणी डिलीट केली हे दोन्ही मिळतं. तिथून पोस्ट परत चॅनलवर आणता येत नाही, पण नेमकं काय लिहिलं होतं ते तरी हाती लागतं. "मी असं लिहिलंच नव्हतं" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. दर वेळी तसंच लिहिलेलं निघालं.

## तपासणी १: फळा खरंच पुसला गेलाय का

चॅनल म्हणजे वर्गातला फळा. पोस्टची प्रत प्रत्येक सदस्याला वेगळी पाठवलेली नसते, टेलिग्रामच्या सर्व्हरवर ती एकच असते आणि सगळे तीच वाचतात. म्हणून चॅनलमध्ये "फक्त माझ्यापुरतं डिलीट" असा प्रकार नाही. अ‍ॅडमिनने पोस्ट काढली की ती सगळ्यांसाठीच जाते. समोरच्याने ती आधी वाचली होती की नाही, याने फरक पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारखी "हा संदेश डिलीट केला आहे" अशी पाटीही मागे राहत नाही.

खात्री करायची सोपी रीत अशी. चॅनल सार्वजनिक असेल तर ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता, हे उघडा:

```
https://t.me/s/channelname
```

तिथे पोस्ट नसेल तर सर्व्हरवरूनही ती गेलेली आहे. एखाद्या सदस्याला तरीही चॅनलमध्ये दिसत असेल तर त्याचा फोन नेटवर आलेला नाही आणि अ‍ॅप जुनी साठवण दाखवतंय. नेट चालू करून अ‍ॅप एकदा बंद करून उघडायला सांगा. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांमध्ये हे फार असतं, दिवसभर नेट बंद ठेवतात. ते चांगलंच आहे म्हणा.

खासगी चॅनल असेल तर ब्राउझरचा उपाय चालत नाही. दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या फोनवर बघून घ्या, अ‍ॅडमिन नसलेल्याच्या.

## तपासणी २: पोस्ट एक होती की चार

चार फोटो एकत्र टाकले की आपल्याला ती एक पोस्ट वाटते. टेलिग्रामच्या लेखी ते चार वेगळे संदेश असतात, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो, आणि खालचा मजकूर सहसा पहिल्या फोटोला चिकटलेला असतो. घाईत एकच फोटो निवडून डिलीट केला तर मजकूर जातो आणि वेळापत्रकाचे उरलेले तीन फोटो तसेच राहतात. डिलीट करताना वर किती संदेश निवडलेत तो आकडा बघा. चार फोटोंच्या पोस्टला तो ४ दिसायला हवा.

चॅनलला चर्चेचा ग्रुप जोडलेला असेल तर तिथेही एक चक्कर मारा. चॅनलवरची प्रत्येक पोस्ट त्या ग्रुपमध्ये आपोआप पोचलेली असते, आणि तिच्याखाली कोणीतरी मजकूर उद्धृत करून प्रश्न विचारलेला असतो. पोस्ट गेली तरी उत्तरातला तो उद्धृत तुकडा राहू शकतो. दिसला तर हातानेच काढावा लागतो.

## तपासणी ३: नोटिफिकेशन आणि गॅलरी

चॅनल स्वच्छ असूनही कोणी स्क्रीनशॉट पाठवला तर तो नीट बघा. वरच्या पट्टीत चॅनलचं नाव आणि खाली बाकीच्या पोस्ट दिसतात का? नसतील तर तो बहुधा नोटिफिकेशनचा असतो. पोस्ट डिलीट झाल्यावर टेलिग्राम नोटिफिकेशनही मागे घ्यायचा प्रयत्न करतं, पण त्या क्षणी फोन ऑफलाइन असेल तर ते जमत नाही. शिवाय अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच नोटिफिकेशनचा इतिहास ठेवायची सोय आहे. ज्याने ती चालू केली असेल त्याला पडद्यावरून काढून टाकलेली नोटिफिकेशनंही पुढचे २४ तास वाचता येतात. तुमच्या हातात यातलं काहीच नाही.

फोटोंचंही तसंच. ज्याने टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये `Save to Gallery` चालू ठेवलंय त्याच्या गॅलरीत तुमचं वेळापत्रक केव्हाच उतरलेलं असतं. डाउनलोड करून ठेवलेली पीडीएफही तशीच. हे समजून घ्यायचं एवढ्यासाठी, की अ‍ॅडमिन इथे उगाच पुन्हा पुन्हा डिलीट-डिलीट खेळत बसतात. जे फळ्यावरून वहीत गेलं ते फळा कितीही घासला तरी वहीतून जात नाही.

## तपासणी ४: डिलीटचा पर्यायच येत नाही

पोस्ट टाकायचा अधिकार असलेला अ‍ॅडमिन स्वतःची पोस्ट काढू शकतो, कितीही जुनी असली तरी. दुसऱ्याची काढायला `Delete messages of others` हा वेगळा अधिकार लागतो. आता मेख अशी, की "स्वतःची" म्हणजे तुम्ही लिहिलेली नव्हे, तर तुमच्या खात्यातून गेलेली. पोस्टवर नाव चॅनलचंच दिसतं, पण टेलिग्रामला ती कोणी पाठवली ते ठाऊक असतं.

एका क्लासमध्ये शिक्षिका मजकूर लिहायच्या, तो पोस्टिंगच्या बॉटला द्यायच्या आणि बॉट ठरल्या वेळी टाकायचा. चूक झाली तेव्हा त्यांना डिलीट दिसेना. कारण टेलिग्रामच्या हिशेबी ती पोस्ट बॉटची होती. मालकाने त्यांना `Delete messages of others` दिलं आणि मिनिटभरात काम झालं. अधिकार देऊ शकणारा माणूस त्या वेळी गाडीवर होता, म्हणून चाळीस मिनिटं गेली, ती गोष्ट वेगळी. चॅनलवर हा अधिकार असलेली किमान दोन माणसं असावीत, ते यासाठी.

काढायचं काम बॉटकडूनच करून घ्यायच्या नादाला लागू नका. बॉटना ४८ तासांपेक्षा जुने संदेश काढताना अडचणी येतात. हाताने काढणं लवकर होतं.

## तपासणी ५: काढलेली पोस्ट पुन्हा उगवते

इथे बहुतेक वेळा वेबसाइटवरची नवीन बातमी आपोआप चॅनलवर टाकणारा बॉट असतो. चॅनलवरची पोस्ट काढली, पण वेबसाइटवरची मूळ सूचना तशीच ठेवली. कोणीतरी वेबसाइटवर जाऊन एक स्वल्पविराम दुरुस्त केला, बॉटला ती नवी बातमी वाटली आणि पुन्हा टाकली. त्यामुळे आधी उगम दुरुस्त करा, मग चॅनल. बॉट नसेल तर `Recent Actions` बघा. दुसऱ्या अ‍ॅडमिनने "अरे, ही पोस्ट गेली वाटतं" म्हणून आपल्याकडची प्रत परत टाकलेली असते. ठरवून ठेवलेल्या पोस्टची यादीही तपासा, एकच घोषणा सकाळसाठी आणि संध्याकाळसाठी लावलेली असू शकते.

आणि `Recent Actions` मध्ये अशा खात्याचं नाव दिसलं, ज्याच्या मालकाने त्या वेळी फोनला हातही लावला नव्हता, तर ही तपासणी इथेच सोडा आणि थेट शेवटच्या भागात जा.

## तपासणी ६: पुढे पाठवलेल्या प्रती

आता मुख्य दुखणं. कोणी आपली पोस्ट पुढे पाठवली की त्या दुसऱ्या ठिकाणी तिची स्वतंत्र प्रत तयार होते. वर `Forwarded from` आणि आपल्या चॅनलचं नाव येतं, म्हणून ती आपलीच पोस्ट तिथे दिसतेय असं वाटतं. ती आपली नसते. आपण मूळ डिलीट केली तर प्रत राहते. मूळ बदलली तर प्रत जुनाच मजकूर दाखवते. ती काढायचा अधिकार पाठवणाऱ्याला आणि त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला असतो, आपल्याला नाही.

पण त्या प्रतीत एक धागा उरलेला असतो. चॅनलच्या नावावर किंवा शेजारच्या बाणावर टॅप केलं की वाचणारा थेट मूळ पोस्टवर येतो. माझी पूर्ण पद्धत या धाग्यावर उभी आहे, आणि ती मी एकदा स्वतः तोंडावर पडल्यावर शिकलो.

एका परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख १२ होती. मी सकाळी नऊच्या सुमाराला २१ लिहिली, आकडे उलटे टंकले गेले. पोस्ट क्रमांक १४८२. पावणेबाराला एका मुलाने मेसेज करून विचारलं, "सर, संकेतस्थळावर १२ दिसते?" मी घाबरून १४८२ डिलीट केली आणि बरोबर तारखेची नवी पोस्ट टाकली, १४८३. काम झालं असं समजून जेवायला गेलो.

संध्याकाळपर्यंत अकरा फोन. १४८२ ची प्रत तोवर किमान चार ग्रुपांत फिरत होती, वर आमच्या चॅनलचं नाव घेऊन. ज्यांना शंका आली त्यांनी नावावर टॅप केलं. तिथे काय दिसलं? संदेश अस्तित्वात नाही एवढी एक ओळ, आणि ते चॅनलच्या भलत्याच जागी येऊन पडले. दुरुस्ती कुठे आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. दोघांनी तर असा अर्थ काढला, की तारीख वाढल्याची बातमी फुटली म्हणून आम्ही दाबली! डिलीट करून मी चूक पुसली नव्हती, चुकीच्या प्रतीपासून बरोबर माहितीपर्यंत येणारी एकुलती एक वाट तोडली होती. आणि ही चूक साधीही नव्हती. तारीख खरीपेक्षा आधीची पडली असती तर लोकांनी अर्ज लवकर भरला असता, एवढंच. नंतरची पडली की माणूस निवांत बसतो आणि मुदत निघून जाते.

तेव्हापासून मी असं करतो. माहिती चुकली असेल तर पोस्ट डिलीट करायची नाही, तिथेच `Edit` करायची. सगळ्यात वर, मूळ मजकुराच्या आधी, हे लिहायचं:

"दुरुस्ती: अर्जाची शेवटची तारीख १२ आहे. आधी २१ लिहिली होती, ती चूक आमची. तुम्ही ही पोस्ट पुढे पाठवली असेल तर तिथे ही लिंक टाका."

खाली त्याच पोस्टची लिंक. आता कुठल्याही ग्रुपातून कोणीही नावावर टॅप केलं की तो दुरुस्तीवरच येऊन उभा राहतो. क्रमांक तोच, जागा तीच. फोटोत चूक असेल तर `Edit` मध्ये फोटोही बदलता येतो, त्यासाठी पोस्ट काढायची गरज नाही. दुसऱ्याने टाकलेली पोस्ट सुधारायला `Edit messages of others` हा अधिकार लागतो. तो असेल तर कितीही जुनी पोस्ट सुधारता येते, नसेल तर स्वतःचीही ४८ तासांपर्यंतच.

एक खोट आहे. पोस्ट सुधारली तर सदस्यांना नवीन नोटिफिकेशन जात नाही. सकाळी जी पोस्ट वाचली ती माणूस परत उघडत नाही. म्हणून सुधारणेनंतर लगेच दुसरी छोटी पोस्ट टाकायची, तीत मूळ पोस्टची लिंक द्यायची, ती टाकताना नोटिफिकेशन चालू ठेवायचं आणि मग ती पिन करायची. नुसत्या पिन करण्याने चॅनलमध्ये नोटिफिकेशन जात नाही. रात्री अकराला असेल तरी चालू ठेवा, मुदतीचा प्रश्न असेल तर लोक शिव्या देत नाहीत.

मग आकडेवारीत दिसलेल्या सार्वजनिक चॅनलांच्या अ‍ॅडमिनना एकेक ओळ लिहायची: "आमची १४८२ क्रमांकाची पोस्ट तुम्ही घेतली आहे, तारीख चुकली होती, कृपया काढून सुधारित पोस्ट टाका." क्रमांक दिला की त्यांना शोधायला लागत नाही. माझ्या अनुभवात निम्मे जण तासाभरात करतात. उरलेल्यांच्या मागे मी लागत नाही. नाव लपवून पाठवलेल्या किंवा मजकूर कॉपी करून चिकटवलेल्या प्रती मात्र आकडेवारीत येतच नाहीत, त्या ओळखीच्या मुलांकडूनच कळतात.

डिलीट मग करायचं कधी? पोस्टमध्ये कोणाचा मोबाइल नंबर, आधारची प्रत, गुणपत्रिका, फोटो, असं काही खासगी गेलं असेल तेव्हा. तिथे वाट राखण्याचा प्रश्न नाही, एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. लिंक आणि स्क्रीनशॉट घेऊन ताबडतोब काढा. पण "सुधारून नंबर पुसतो" असं करू नका. सुधारलेल्या पोस्टची आधीची आवृत्ती `Recent Actions` मध्ये अ‍ॅडमिनना दिसतेच, पण मुख्य अडचण ही, की ओळ पुसायच्या नादात दुसऱ्या फोटोत तोच नंबर राहून जातो. मी हे दोनदा पाहिलंय.

## चॅनलवर फॉरवर्ड बंद ठेवावं का?

प्रत्येक प्रसंगानंतर कोणीतरी सुचवतंच: चॅनलवर `Restrict saving content` लावून टाकू, म्हणजे पुढे जाणारच नाही. आधीच गेलेल्या प्रतींना याने काही होत नाही. आणि पुढच्या वेळी लोक काय करतात? दुसऱ्या फोनने फोटो काढतात. फोटोला ना आपलं नाव चिकटलेलं, ना मूळ पोस्टकडे जाणारा बाण. धाग्यासकट जाणारी प्रत परवडते, बेवारस फोटो परवडत नाही. शिवाय दुरुस्तीची पोस्टही कोणाला पुढे पाठवता येत नाही. म्हणून मी हे बंधन लावतच नाही.

त्याऐवजी वेळापत्रकाच्या किंवा मुदतीच्या प्रत्येक चित्रावर खालच्या कोपऱ्यात तयार केल्याची तारीख आणि चॅनलचा पत्ता छापतो. नुसता फोटो फिरला तरी वाचणाऱ्याला कळतं की हा कधीचा आहे आणि ताजं कुठे बघायचं.

## तपासणी ७: व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं

टेलिग्रामवरची घोषणा गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॉपी होऊन, स्क्रीनशॉट होऊन किंवा लिंक होऊन जाते. लिंक निरुपद्रवी वाटते, पण एक बारकी गोष्ट आहे. `t.me` ची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की खाली पोस्टच्या पहिल्या काही ओळींचा चौकोन दिसतो. तो पाठवण्याच्या क्षणी तयार होतो आणि संदेशासोबतच जातो. नंतर तुम्ही पोस्ट सुधारली किंवा काढली तरी त्या चौकोनात "शेवटची तारीख २१" तशीच राहते. लिंक उघडली तर बरोबर तारीख दिसते, पण उघडतो कोण!

इथे तुमचा हात फक्त पाठवणाऱ्यापर्यंत पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सगळ्यांसाठी काढायला दोन दिवसांपेक्षा थोडाच जास्त वेळ मिळतो. त्यामुळे "उद्या सांगतो" करू नका. पाठवणारा सापडत नसेल तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगा, त्यालाही सदस्याचा संदेश सगळ्यांसाठी काढता येतो. संदेशावर दुहेरी बाण आणि अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण असेल तर तो किमान पाच हातांतून आलाय असं समजा. अशा प्रतीचा मूळ पाठवणारा शोधणं मी सोडून दिलंय. त्याच ग्रुपवर दुरुस्तीची एक ओळ टाकायला सांगतो, बस.

## कुठे थांबायचं

नुसती तारीख किंवा वेळ चुकली होती, मूळ पोस्ट सुधारली, पिन केली, माहीत असलेल्या ग्रुपांना कळवलं, तर तिथे थांबा. दुसऱ्या दिवशीही फोन येतील. प्रत्येकाला पिन केलेल्या पोस्टची लिंक पाठवा. तुमची घोषणा सगळ्या फोनांमधून परत खेचून देतो म्हणून पैसे मागणारी माणसं भेटतात. तसं कोणालाही करता येत नाही.

खालच्या तीन प्रसंगांत मात्र स्वतः खटपट करू नका.

पहिला, पोस्ट तुमच्यापैकी कोणीच टाकली नव्हती. म्हणजे कोणाचं तरी खातं किंवा बॉट दुसऱ्याच्या हातात आहे. नुसती पोस्ट काढून भागत नाही, तासाभरात दुसरी येते. आधी सगळ्या अ‍ॅडमिननी सेटिंगमधल्या `Devices` मध्ये जाऊन अनोळखी लॉगिन बंद करावीत आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. बॉट असेल तर `@BotFather` कडे `/revoke` देऊन जुनं टोकन रद्द करावं. एवढं करूनही पोस्ट येत राहिल्या, किंवा चॅनलचा मालकच खात्यातून बाहेर फेकला गेला असेल, तर संगणक सुरक्षेचं काम करणारा माणूस आणि टेलिग्रामची मदत, दोन्ही घ्या.

दुसरा, एखाद्या विद्यार्थ्याची कागदपत्रं, किंवा मुलीचा फोटो आणि नंबर, गेला आणि आता तो बाहेर फिरतोय. चॅनलवरून काढा, त्या व्यक्तीला स्वतः फोन करून सांगा. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं. कोणी त्याचा वापर त्रास द्यायला करत असेल तर त्या प्रती तुम्ही मागे लागून काढायच्या नाहीत. ते `cybercrime.gov.in` वर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात जायला हवं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन.

तिसरा, तुमच्या घोषणेत कोणीतरी फेरफार करून, शुल्क भरायचा वेगळा क्यूआर कोड टाकून, तुमच्याच नावाने ती फिरवतंय. इथे तुमची खरी पोस्ट डिलीट करायची चूक सगळेच करतात. तीच तर तुमच्याकडची तुलना आहे. ती जागेवर ठेवा, खोट्या प्रतीचे स्क्रीनशॉट वेळेसकट जमवा, ती कुठल्या ग्रुपमध्ये कोणाकडून आली ते लिहून ठेवा, आणि `Recent Actions` चे स्क्रीनशॉट ४८ तास उलटायच्या आत काढा. पोलिसांकडे जाताना मूळ पोस्टचा क्रमांक कागदावर लिहून न्या. ठाण्यात पहिला प्रश्न "तुमची खरी कुठली?" हाच येतो.